सीलिंग मशीनचा पंखा

माझा एक मित्र पाकिटांची तोंडं बंद करतो. म्हणजे तशी मशीनं बनवतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत त्याची पत्र्याची शेड आहे. तिथं तो, त्याची बायको आणि दोन-तीन कारागीर मिळून मशीनं जुळवतात. माझा धंदा बरोबर उलटा, तोंड उघडण्याचा. हौशी नाटकं, दुकानांची उद्घाटनं, लग्नातलं सूत्रसंचालन, रेडिओवरच्या साबणाच्या जाहिराती. माइक दिसला की मी आपोआप त्याच्याकडे सरकतो. त्यामुळे एका सकाळी त्याचा फोन आला, "मशीनचा व्हिडिओ करायचा आहे, स्क्रिप्ट तू लिह्य," तेव्हा मी ते काय मशीन आहे हे विचारायच्या आधीच हो म्हणून बसलो.

दुपारी शेडवर गेलो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, टेबलाशी बसून फोनवर कुणाला तरी पत्ता समजावत होत्या. धंद्याचे सगळे फोन त्याच घेतात. मित्र लोखंडाशी चांगला बोलतो, माणसांशी नाही.

"पाह्य," मित्र म्हणाला, "भिवापूरकडच्या एक ताई आहेत. मिरची पावडरचा कारखाना आहे त्याईचा. चार जणांकडून मशीन पाहून राहिल्या. दोन इंदूरचे, एक पुण्याचा अन् एक मी. चौघाईले सांगितलं, माह्या पाकिटात माही मिरची भरून सील करून दाखवा, व्हिडिओ धाडा. ज्याचा पटला त्याच्याकडे येऊन ट्रायल घेईन. बाकीच्याईले राम राम."

"मग अडचण काय?"

"अडचण अशी का आतापर्यंत मी बेकरीवाले, चिवडेवाले, दुकानदार, याईलेच मशीन देल्ली. कारखान्यात माहं एकही मशीन नाही. एक लागलं ना, तर दुसरा कारखानदार पाह्यले तरी येते. नाही लागलं तर मी चिवड्यातच राहतो."

हे तो इतक्या साध्या आवाजात म्हणाला की मला विनोद करायचा होता तो गिळावा लागला.

मग त्यानं मला मशीन दाखवलं. नाटकवाल्याला समजेल असं सांग म्हटलं, आणि त्यानं सांगितलंही. पाकीट भरायचं, त्याचं तोंड मशीनच्या एका टोकाला द्यायचं. तिथून दोन टेफ्लॉनचे पट्टे ते तोंड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि पुढे चालू लागतात. खाली पाकिटाला उभं राहायला सरकता पट्टा असतो, तोही त्याच वेगानं चालतो. तोंड आधी तापलेल्या ठोकळ्यांमधून जातं, आतलं प्लास्टिक वितळून एकमेकांना चिकटतं. मग दाबणाऱ्या चाकांमधून जातं आणि थंड ठोकळ्यांमधून बाहेर येतं. त्या थंड ठोकळ्यांवर आतून एक पंखा सतत वारा मारत असतो. समोर पॅनलवर चार बटणं: मेन, हीटर, पंखा, आणि वेग कमी-जास्त करायचं गोल बटण. वर तापमानाचा आकडा.

"म्हणजे लग्नासारखंच," मी म्हणालो. "धरलं, तापवलं, दाबलं, थंड केलं."

वहिनी फोनवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, हे व्हिडिओत टाकू नका हं."

मी घरी बसून स्क्रिप्ट लिहिली. पहिला खर्डा आज माझ्याजवळ नाही याचं मला दुःख आहे, कारण तो भव्य होता. अंधार. ढोल. मिरचीच्या ढिगाऱ्यातून उगवणारं मशीन. धीरगंभीर आवाज: 'विदर्भाच्या मातीत जन्मलेलं...' मी तो शेडवर अभिनयासकट वाचून दाखवला. मित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींच्या डोळ्यांत आलं नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मले रोज फोन येतात. माणूस पहिले विचारते, गळते का? मग विचारते, पट्टा किती दिवस टिकते अन् तुटला तर कोण बदलवते? मग विचारते, माह्या पाकिटावर चालते का? मातीत जन्मलं का हे मले आजपर्यंत कोणी नाही विचारलं."

"पण वातावरण..."

"अन् अजून एक. इंदूरवाल्याईचे व्हिडिओ मी पाह्यले आहेत. पाकीट आत जाते, मग कट. मग पाकीट बाहेर येते. मधात का झालं देवाले मालूम. कारखानदाराले कट दिसला का तो म्हणते, इथंच काही तरी लपवलं."

हे मला एकदम पटलं, कारण यात मला नाटक दिसलं. कट नाही! म्हणजे एकच सलग प्रवेश. पाकीट भरताना दिसलं पाहिजे, आत जाताना, बाहेर येताना, आणि तेच पाकीट पाण्यात बुडवून दाबताना. फट असेल तर बुडबुडा येतो, नसेल तर येत नाही. आणि सलग प्रवेश असेल तर आवाजही तिथल्या तिथं. नंतर स्टुडिओत बसून चिकटवलेला नाही. मी स्वतः मशीनशेजारी उभा राहून बोलणार. खरं सांगायचं तर ही शेवटची गोष्ट स्क्रिप्टला हवी होती त्यापेक्षा मलाच जास्त हवी होती.

ताईंनी आपली पाकिटं आणि मिरची पावडर एसटीच्या पार्सलनं धाडली होती. आतून चकचकीत चंदेरी, बाहेर लाल छपाई. चित्रीकरणाला मी आमच्या ओळखीचा कॅमेरावाला आणला. चाळिशीचा, लग्नांमध्ये मुरलेला. आल्या आल्या त्यानं मशीनभोवती एक गिरकी घेतली आणि विचारलं, "नवरी कोठी आहे?"

"हीच नवरी," मी मशीन दाखवलं.

"घुंगट नाही का गा हिले?" असं म्हणून त्यानं मिरचीच्या पिशवीत नाक घातलं आणि पुढची काही मिनिटं तो आमच्या उपयोगाचा राहिला नाही.

रंगीत तालीम झकास झाली. वहिनी नरसाळ्यानं पावडर भरत होत्या, कारण तोंडाच्या आतल्या बाजूला पावडर लागली तर तिथं सील धरत नाही. भरून झाल्यावर कापडानं तोंड पुसत होत्या. मित्र पाकीट मशीनला देत होता. पाकीट शहाण्यासारखं पलीकडे निघत होतं. तोंडावर सरळ, जाळीदार नक्षीची पट्टी. बादलीत बुडवून दाबलं तर पाणी शांत. मी बोलत होतो ते कुणी ऐकत नव्हतं, पण तालमीत तसंच असतं.

मग कॅमेरावाल्यानं कानातले हेडफोन काढले. "भाऊ, तुमचा आवाज खड्ड्यातून येऊन राहिला. मधात घुंऽऽ वाजते."

तो पंखा होता. पॅनलच्या आतला छोटा पंखा, पण पत्र्याच्या शेडमध्ये त्याला भलताच आत्मविश्वास आला होता. मी आवाज चढवून पाहिला. त्यावर कॅमेरावाला म्हणाला की आता राजकीय सभा वाटते. मी मागे उभं राहून बोलून पाहिलं, पुढे वाकून पाहिलं. पंखा सगळीकडून जिंकत होता.

मित्र पुढे आला. पाहुणा अडचणीत आहे हे त्याला बघवत नाही. जेवायला बसलेल्या माणसाला ऊन लागलं तर हा सूर्य झाकायला उठेल. "कायले टेन्शन घेता," तो म्हणाला, आणि त्यानं पॅनलवरचं पंख्याचं बटण बंद केलं. शेड शांत झाली. माझा आवाज घंटेसारखा वाजला. सगळे खूश.

पहिला टेक चांगला चालला होता, पण मी एका ठिकाणी 'टेफ्लॉन' म्हणताना अडखळलो. दुसऱ्याला कॅमेरावाला शिंकला. तिसऱ्याला बाहेरून ट्रक गेला. पट्टे फिरत होते, हीटर चालू होता, आणि आम्ही नव्या नव्या टेकला लागत होतो. मग एक टेक असा जमला की काय सांगू. शब्द शब्द जागेवर. मी पाकीट हातात घेतलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, म्हणालो, "आणि आता, खुद्द आपल्या डोळ्यांसमोर..." आणि पाकीट दोन्ही हातांनी ताणलं.

ते उघडलं. फट्‌कन फाटलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. ते चघळलेल्या च्युइंगमसारखं हळूहळू, धागे काढत उघडलं, आणि भिवापूरची मिरची माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर आली.

"कट?" कॅमेरावाल्यानं घाबरत विचारलं.

मित्राचा चेहरा उतरला. त्यानं दुसरं पाकीट घातलं. तेही बाहेर येताना मऊ, तोंडाला सुरकुत्या. त्यानं ओढलं, उघडलं. "गरमी कमी पडून राहिली," म्हणत त्यानं तापमान वाढवलं. पुढचं पाकीट आणखी वाकडं आलं, तोंड आकसलेलं. पुन्हा वाढवायला गेला तर वहिनींनी हात धरला.

"अहो, सकाळपासून हेच मशीन, हेच पाकीट, हाच आकडा. सकाळी चाललं ना?"

"मग आता काहून नाही चालत?" तो ओरडला. मी त्याला इतक्या वर्षांत ओरडताना पाहिलं नव्हतं. "दोन दिवसांनी त्या बाईले व्हिडिओ धाडायचा आहे. मी काय धाडू? हे?"

चिडून त्यानं मशीनच्या कडेचं झाकण उघडलं आणि सवयीनं थंड ठोकळ्यावर बोट ठेवलं. दुसऱ्या क्षणी ते बोट त्याच्या तोंडात होतं.

आम्ही पाहत राहिलो. त्यानं बोट बाहेर काढून त्याच्याकडे पाहिलं, मग ठोकळ्याकडे, मग पॅनलकडे, आणि मग, फार सावकाश, माझ्याकडे.

"पंखा," तो म्हणाला.

पंखा बंद होता म्हणून थंड ठोकळे टेकामागून टेक तापत गेले होते. आधीची पाकिटं निभावली. नंतरची गरम सील घेऊनच बाहेर पडत होती. वितळलेलं प्लास्टिक घट्ट व्हायच्या आत मी ते ताणत होतो. आणि हीटर वाढवून मित्र आगीत तेल ओतत होता. स्वतः बनवलेल्या मशीनचा पंखा स्वतःच्या हातानं बंद करून, स्वतःच त्याचं कारण शोधत होता, आणि हे सगळं का, तर पाहुण्याचा आवाज नीट यावा म्हणून. मला हसू आवरेना. मिरचीत हसणं किती धोक्याचं असतं हे तेव्हा कळलं.

पंखा पुन्हा लावला, तापमान सकाळच्या आकड्यावर आणलं. ठोकळे निवेपर्यंत चहा झाला. नंतरचं पाकीट ताणलं, तोंडाला धरून लोंबकळवलं, तरी उघडलं नाही.

आणि तेव्हा मला ती दुष्ट कल्पना सुचली.

"तो टेक ठेवू," मी म्हणालो.

"कोणता?"

"फसलेला. पंखा बंद, पाकीट उघडलं. मग पंखा चालू, पाकीट टिकलं. दोन्ही टेक अख्खे दाखवू, आतून एकही कट नाही. नायक पहिल्या अंकात आपटला नाही तर दुसऱ्या अंकाला कोण थांबतं?"

मित्रानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या मशीनवर थुंकलो होतो. "डोकं ठिकाणावर आहे ना तुह्यं? माह्या मशीनच्या व्हिडिओत माहंच पाकीट उघडून दाखवू? बाकी तिघाईचं उघडते का कुठं?"

"नाही उघडत. म्हणूनच."

"म्हणूनच त्या ताई घेतीन त्याईचं! तुले गंमत आहे, गा. तू टाळ्या घेऊन घरी जाशीन. मी इथं बसतो."

हे खरं होतं, आणि मी गप्प बसलो. मी गप्प बसलो की लोक घाबरतात. कॅमेरावाल्यानं तर विचारलं, पाणी देऊ का.

वहिनी बादलीतलं पाकीट काढून पुसत होत्या. "मी एक सांगू?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "विकल्यावर मले फोन येतात ना, सील सुटून राहिलं म्हणून, त्यात आर्ध्या वेळा काय निघते?"

तो भाजलेल्या बोटावर फुंकर मारत राहिला.

"पंखा बंद निघते. मी फोनवर विचारते, भाऊ, पंखा चालू आहे का, तर म्हणतात, हाव ना, आवाज करते म्हणून बंद केला. आज तुमचंही तेच झालं. तुम्हीच बंद केला तर त्या ताईच्या बाया नाही करतीन का? आत्ताच सांगा. नाही तर मग मलेच फोनवर सांगा लागते."

शेवटी मित्र म्हणाला, "ठेवा. पण ती 'खुद्द आपल्या डोळ्यांसमोर' वाली ओळ काढा."

ती मी काढली नाही. काढली असती तर तिथं कट दिसला असता.

शेवटचा व्हिडिओ छोटा झाला. मिरची भरली, तोंड पुसलं, पंखा बंद असताना पाकीट उघडलं, पंखा लावल्यावर टिकलं, पाण्यात बुडबुडा नाही. नंतर मित्र स्वतः पट्टा काढून नवा चढवताना, बोटाला पट्टी बांधलेली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'पंखा बंद' आणि 'पंखा चालू' लिहिलं, कारण पंखा चालू असताना माझा आवाज खड्ड्यातूनच येत होता. वहिनींनी तो ताईंना धाडला. दोन निळ्या खुणा आल्या. मग काही नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मित्र मला फोन करून काहीच बोलत नसे, फक्त "जेवला का" विचारून ठेवत असे. मी हे त्याचं बोलणं नीट समजत होतो.

मग वहिनींचा फोन आला. ताई येत होत्या.

त्या जीपमधून उतरल्या. पन्नाशीच्या, भक्कम, साडीचा पदर कमरेला खोचलेला, हातात पाकिटांचा गठ्ठा, आणि चेहऱ्यावर नमस्कार सोडून काही नाही. पाणी घेतलं. चहा नंतर म्हणाल्या. मशीन चालू करायला लावलं, स्वतःच्या हातानं पाकीट भरलं, मशीनला दिलं. बाहेर आलं ते जमिनीवर ठेवलं, चपला काढल्या आणि त्या त्यावर उभ्या राहिल्या. दोन्ही पायांनी. मित्राच्या खांद्याचा आधार घेऊन थोड्या हलल्यासुद्धा. रंगभूमीवर मी इतका शांतपणे केलेला प्रवेश क्वचित पाहिला आहे. पाकीट चपटं झालं, कोपऱ्यांशी फुगलं, पण तोंड हललं नाही.

खाली उतरून त्यांनी पॅनलवरचं पंख्याचं बटण बंद केलं.

"आता चहा आणा," त्या म्हणाल्या.

आम्ही चहा घेतला. मशीन तापत राहिलं. त्या घड्याळ न पाहता बसल्या होत्या. मला शांतता सोसत नाही, म्हणून मी विचारलं, "व्हिडिओतला आवाज कसा वाटला ताई? तो मीच."

"आवाज?" त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. "माह्या इथं मिरची कुटायची मशीन चालू राह्यते, भाऊ. आवाज कोण ऐकते? मी मुकाच पाह्यला."

मित्राला ठसका लागला. वहिनी झटकन पाठमोऱ्या झाल्या.

मग ताईंनी एक पाकीट सील केलं, ताणलं. उघडलं, धागे काढत. त्यांना जराही वाईट वाटलं नाही. उलट मान हलवली, जणू हिशेब जुळला. "इंदूरवाल्याच्या व्हिडिओत काहीच उघडलं नाही. मी म्हटलं, उघडत नाही असं मशीन जगात नाही. केव्हा उघडते ते सांगत नाही म्हंजे त्याले मालूम नाही, नाही तर मले सांगायचं नाही."

मित्र खुलला. पण त्या पुढे बोलल्या, आणि तो पुन्हा मिटला.

"मशीन चांगलं आहे. पण हे बटण काहून देलं?"

"पंख्याचं? सगळ्याईच्यात असते ना ताई."

"असन. माह्या बाया हे बटण बंद करतीन. पह्यल्याच दिवशी. मी असली तरी करतीन, नसली तरी करतीन. आवाज आला का बंद. मले असं मशीन पाहिजे का ज्याले हे बटणच नाही. मेन लावलं का पंखा चालू. होते का?"

मी मित्राकडे पाहिलं. इतकी वर्षं त्याच्या प्रत्येक मशीनवर ते बटण होतं, आणि फोनवर वहिनी लोकांना ते लावायला सांगत होत्या. त्यानं डोकं खाजवलं. हीटर बंद केला, ठोकळे निवल्यावर मेन बंद करून प्लग काढला, मागचं झाकण उघडलं, पंख्याच्या तारा त्या बटणावरून काढून मेन बटणाच्या पुढे जोडल्या आणि ते बटणच उचकटून काढलं. फार वेळ लागला नाही. ताई त्याच्या मागे उभ्या राहून पाहत होत्या, टॉर्चही त्यांनीच धरला. प्लग लावून मेन दाबलं: पट्टे फिरले, पंखा घुंऽऽ करू लागला. हीटर लावून पुन्हा बंद केला, तरी पट्टे आणि पंखा चालूच. "हे अजून बरं," मित्र स्वतःशीच म्हणाला, "बंद करताना पट्टा जळत नाही मग. ठोकळे निवले का मेन बंद करायचं."

पॅनलवर बटणाच्या जागी एक चौकोनी भोक राहिलं होतं. ताईंनी त्यात बोट घालून पाहिलं.

"हे झाकून द्या. अन् मशीन केव्हा धाडता?"

वहिनींनी आधी तारीख सांगितली आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. ताईंनी ती तारीख मान्य केली. मित्रानं तोंड फिरवून डोळे पुसले. मिरची होती म्हणाला.

ताई जीपमध्ये बसल्या, आणि मग काच खाली करून त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं, अखेर दाद. "भाऊ, तो व्हिडिओ आता खोटा झाला," त्या म्हणाल्या. "त्यात चार बटणं दिसतात. मशीनवर तीन राहिले. दुसऱ्या कोणाले धाडान तर तो विचारीन, चौथं कोठी गेलं. नवा काढा. अन् पट्टा बदलायचं जरा सावकाश दाखवा, माह्या बायाईलेही दाखवीन."

"आणि आवाज?" मी विचारलं.

"तुमची मर्जी," त्या म्हणाल्या, आणि जीप निघाली.

कॅमेरावाल्याला मी तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, येतो, पण नाकाला रुमाल बांधून येतो.